परदेशी आयातदाराच्या पहिल्या मेलला उत्तर देताना: मिरची पावडरचं उदाहरण

'लाल मिरची पावडर हवी आहे, ५०० ग्रॅमचं पॅकिंग. कॅटलॉग, सॅम्पल, किमान ऑर्डर आणि उत्तम दर कळवा.' बहुतेक पहिले मेल एवढेच असतात. हा मेल रॉटरडॅमहून आला आहे असं धरू आणि तुमचं युनिट नागपुरात आहे.

उत्तर त्याच दिवशी जायला हवं, पण त्याआधी समोरचा खरा आहे का ते बघून घ्या. मेल कंपनीच्या डोमेनवरून आला असेल, तर सहीखालचा व्हॅट क्रमांक युरोपीय संघाच्या VIES या मोफत साइटवर टाका. तो चालू आहे की नाही ते तिथे लगेच कळतं. क्रमांक दिलेला नसेल तर उत्तरात मागून घ्या. खऱ्या आयातदाराला त्यात वावगं वाटत नाही.

कॅटलॉगमध्ये नवे लोक हळद, धने, तांदूळ, लोणची असं सगळं भरतात. त्याने मिरची विचारली आहे, म्हणून मिरचीचीच दोन पानं पाठवा. त्यात वाण, रंगाचं एएसटीए मूल्य, तिखटपणाचं एसएचयू, ओलावा, जाळीचा आकार, पॅकिंग, एचएस कोड ०९०४२२ आणि स्पाइसेस बोर्डाची नोंदणी एवढं पुरे. नागपूरच्या कळमना बाजारात भिवापुरीबरोबर आंध्र-तेलंगणाचा मालही येतो. तुम्ही तिकडचं तेजा वाण दळत असाल तर तेजाच लिहा. भिवापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे विकायला छान वाटतं म्हणून ते नाव चिकटवता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेत दोन्हींचे आकडे वेगळे येतात.

खरी डोकेफोड किमान ऑर्डरची. 'एक कंटेनर' असं लिहून लोक मोकळे होतात, पण कंटेनरमध्ये नेमका किती माल बसतो? वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ घनमीटर, त्यातली २८ हाताशी येते असं धरा. ५०० ग्रॅमची २० पाकिटं बसणारा ४० × ३० × २५ सेंटीमीटरचा खोका ०.०३ घनमीटरचा होतो. म्हणजे साधारण ९३० खोके, सव्वानऊ टन माल. वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी जागाच संपते. तीच पावडर २५ किलोच्या गोण्यांत भरली, तर त्याच कंटेनरमध्ये बरीच जास्त बसते. म्हणून पॅकिंग ठरल्याशिवाय टनांचा आकडा देऊ नका.

त्यातही पाकीट त्याच्या ब्रँडचं हवं असेल, तर किमान ऑर्डर कंटेनर नाही, पाकीट छापणारा ठरवतो. समजा तो २०० किलोपेक्षा कमी फिल्म छापत नाही आणि एक पाकीट ८ ग्रॅमचं आहे. मग पाकिटं झाली २५,०००, म्हणजे साडेबारा टन मिरची! एवढी एका कंटेनरात मावतही नाही, आणि छपाईच्या सिलिंडरचा खर्च वेगळा. पहिल्यांदा घेणारा एवढ्याला सहसा तयार होत नाही. त्याला दोन पर्याय द्या: तुमच्या साध्या पाकिटावर त्याचं स्टिकर, किमान एक पॅलेट, इतरांच्या मालासोबत कंटेनरमध्ये; किंवा छापील पाकीट, किमान २५,००० नग. दुसऱ्या पर्यायात उरलेली पाकिटं पुढच्या ऑर्डरसाठी तुमच्याकडे राहतील आणि सिलिंडरचे पैसे एकदाच लागतील, हेही तिथेच लिहा. आकड्यामागचं कारण दिसलं की 'थोडं कमी करा' ही घासाघीस बरीच थांबते.

दर देताना जागा लिहा. माल मिहानच्या कंटेनर डेपोत सोपवला तर तो एफसीए नागपूर. एफओबी न्हावा शेवा म्हटलंत की तिथपर्यंतचं रेल्वेभाडं आणि बंदरावरचे खर्च तुमच्या गळ्यात. कळमन्यातले भाव हलते असतात, म्हणून दराची मुदत सात दिवस ठेवा.

सॅम्पल २५० ग्रॅमचं, मोफत. कुरिअरचा खर्च त्याचा. त्याचा कुरिअर खातेक्रमांक मागा. तो नसेल तर खर्च आगाऊ घ्या आणि पहिल्या ऑर्डरच्या बिलातून वजा करू असं लिहा. 'आधी पाच किलो फुकट पाठवा' म्हणणाऱ्याला ऑर्डर द्यायची नसते, हे माझं ठाम मत.

सॅम्पल खास निवडून, सुबक करून पाठवायचा मोह होतो. ते ज्या लॉटमधून माल जाणार त्यातलंच हवं. तो लॉट अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषासाठी तपासून घ्या. युरोपीय संघात मिरचीला त्यातल्या बी१ प्रकाराची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि सगळे प्रकार मिळून १० आहे. अंगणात ओलसर वाळलेली मिरची दिसायला लालभडक असूनही इथे नापास होऊ शकते. त्याच लॉटचं दुसरं पाकीट सील करून, लॉट क्रमांक आणि तारीख टाकून स्वतःकडे ठेवा. पुढे 'सॅम्पलसारखा रंग नाही' असा मेल आला, तर तेच पाकीट प्रयोगशाळेत पाठवता येतं.

उत्तराच्या शेवटी तीनच प्रश्न विचारा: कोणतं बंदर, कोणाचं लेबल, वर्षाला साधारण किती माल. लेबलचं उत्तर आलं की वरच्या दोनपैकी कोणता पर्याय घेऊन दरपत्रक बनवायचं ते ठरतं.