मेलला फोटो जोडण्याआधीची तयारी: साइज कुठली निवडायची

गॅलरीतून फोटो जोडताना सगळ्यात आधी बघायचं ते एका फोटोचं वजन, म्हणजे गॅलरीत फोटो उघडून माहिती किंवा डिटेल्सवर टॅप केलं की किती एमबी ते दिसतं. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटो साधारण 4032 बाय 3024 पिक्सेलचा येतो आणि जेपीजी असेल तर तीन ते पाच एमबी सहज होतो. आता समजा क्लेमसाठी सहा फोटो पाठवायचेत, प्रत्येकी चार एमबी, म्हणजे चोवीस. मेलची लिमिट 25 एमबी असेल तर बसेल असं वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी बसत नाही, कारण मेल फोटो जसाच्या तसा पाठवत नाही, त्याचं आधी अक्षरांत रूपांतर करतो आणि त्यात दर तीन बाइटचे चार होतात. मग चोवीसचे बत्तीस होतात आणि मेल अडकतो नाहीतर परत येतो. म्हणून 25 ची लिमिट असेल तर फोटोंची बेरीज अठरा एमबीच्या आतच ठेवायची, हे डोक्यात पक्कं करून मग पुढे जायचं.

दुसरं म्हणजे फोटोत समोरच्याला नक्की काय वाचायचंय ते आधी ठरवा, कारण साइज त्यावर ठरते. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये फोटो जोडल्यावर Cc/Bcc च्या ओळीवर टॅप केलं की Images आणि एकूण साइज दिसते, तिथे Small, Medium, Large, Actual Size असे चार पर्याय येतात, प्रत्येकाखाली किती एमबी होईल तेही दिसतं. काही अँड्रॉइड मेल अ‍ॅप्समध्येही फोटो लहान करायचा असा पर्याय असतो, पण जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मात्र असा पर्याय नाही, तिथे फोटो आधीच रिसाइझ करून घ्यावा लागतो, काही फोनमध्ये ते गॅलरीच्या एडिटमध्येच होतं.

आता कागदाचा फोटो असेल, म्हणजे पावती, मार्कशीट, रिपोर्ट वगैरे, तर Small आणि Medium ला हात लावू नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो. हिशोब साधा आहे. ए4 कागद उभा 297 मिलिमीटर असतो, Medium मध्ये फोटोची लांब बाजू साधारण 640 पिक्सेलवर येते, म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल, आणि छापील छोटं अक्षर दोनेक मिलिमीटर उंच असतं, तर त्याच्या वाट्याला चारच पिक्सेल आले. चार पिक्सेलमध्ये ३ आणि ८ वेगळे दिसत नाहीत, अनुस्वार तर गायबच होतो. लांब बाजू 1600 च्या आसपास असेल तर तेच अक्षर दहा पिक्सेलपर्यंत जातं आणि नीट वाचता येतं, म्हणून कागदाला Large किंवा थेट Actual Size. फक्त एखादी वस्तू किंवा जागा ओळखू यावी एवढंच असेल तर Medium चालतो, पण बारीक तडा दाखवायचा असेल तर पुन्हा Large च.

जोडायच्या आधी फोटो क्रॉप करा, ही पायरी लोक सोडतात आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. टेबल, चादर, कडेचा हात काढून टाकला की वजन कमी होतं, शिवाय रिसाइझ केल्यावर उरलेले पिक्सेल सगळे कागदाच्या वाट्याला येतात.

एक अडचण अशी की निवडलेली साइज त्या मेलमधल्या सगळ्या फोटोंना लागते, एकाला Large आणि दुसऱ्याला Medium असं जमत नाही. म्हणून कागदांचा मेल वेगळा आणि बाकीच्या फोटोंचा वेगळा, आणि विषयात १/२, २/२ असं लिहायचं म्हणजे समोरच्याला कळतं की अजून एक येतोय. वरच्या सहा फोटोंमध्ये समजा दोन बिलं आणि चार फोटो खराब झालेल्या वस्तूचे, तर बिलं Actual Size मध्ये पाठवली तरी आठ एमबी, अक्षरांत रूपांतर होऊन अकराच्या आत, आणि बाकीचे चार Large मध्ये, काम झालं.

साइज लहान केली तरी गॅलरीतला मूळ फोटो तसाच राहतो, फक्त मेलमधली कॉपी छोटी होते, त्यामुळे घाबरून दोन-दोन प्रती काढायची गरज नाही. पण एडिटमध्ये रिसाइझ करताना मात्र कॉपी म्हणून सेव्ह करा, नाहीतर मूळच बदलून जाईल.

पाठवायच्या आधी तोच मेल स्वतःला पाठवून बघा, आणि तो अ‍ॅटॅचमेंट डाउनलोड करून सगळ्यात बारीक ओळीपाशी झूम करा, बिल नंबर आणि तारीख वाचता येतेय का बघा. वाचता येत नसेल तर साइज एक पायरी वर न्या, आणि तेवढ्यावरही अक्षर फुटत असेल तर फोटोच हललेला आहे, तो परत काढावा लागेल.