श्रुतलेखन तपासताना या चुका टाळा

‘गरिब’ दिसलं की लाल गोल, खाली ‘गरीब दहा वेळा लिही’, आणि वही परत. ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याची ही रीत मला अजिबात पटत नाही.

चौथीतल्या एका मुलाची वही त्याची आई माझ्याकडे घेऊन आली होती. पहिल्या श्रुतलेखनात त्याने गरिब, वकिल, फुल असं लिहिलं होतं. वर्गात प्रत्येक शब्द दहादा गिरवून घेतला. पुढच्या आठवड्यात त्याने लिहिलं, ‘गरीबाला वकीलाने फूलाचा हार दिला.’ पुन्हा तीन गोल. पोरगा रडवेला होऊन म्हणाला, “बाई, दीर्घच लिहा असं सांगितलं होतं ना?” त्याचं काय चुकलं? त्याला शब्दाचं एकच रूप पाठ करायला लावलं होतं.

मुळात ते तीन गोल म्हणजे एकच चूक. अकारान्त शब्दाचं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ: गरीब, वकील, फूल. प्रत्यय लागून शेवटचं अक्षर बदललं की तेच ऱ्हस्व होतं: गरिबाला, वकिलाने, फुलाचा. म्हणून मी अख्ख्या शब्दाला गोल करत नाही. चुकलेल्या वेलांटीखाली किंवा उकाराखाली बारीक रेघ मारते आणि समासात कारण लिहिते: शेवटच्या अक्षराला ‘शे’, उपान्त्याला ‘उ’, सामान्यरूपाला ‘सा’. एका कारणाचा अर्धा गुण एकदाच कापायचा, मग शब्द तीन असोत की पाच. दुरुस्तीही जोडीने लिहून घ्यायची: फूल–फुलाला, सून–सुनेला, वकील–वकिलाला. अशा चार जोड्या पुरतात. वेळ नाही म्हणून दहादा गिरवायला लावणाऱ्यांचा पुढे याहून जास्त वेळ जातो.

ही जोडी तत्सम शब्दांना लावू नका. शरीर–शरीराला, गीत–गीताला दीर्घच राहतात, तर गुण, विष, मंदिर मुळातच ऱ्हस्व. चौथीपर्यंत मी इथे रेघ मारते, समासात ‘त’ लिहिते, पण गुण कापत नाही. तत्सम कोणता हे मुलाने ओळखावं कसं? हे शब्द वाचनातून डोळ्यांत बसावे लागतात. मागच्या पानावर त्यांची वेगळी यादी ठेवा.

‘कवि’, ‘गुरु’ असं लिहिणारी मुलं बहुतेक हिंदीच्या पुस्तकातून ते उचलतात. १९६२च्या नियमांपासून मराठीत शेवटचे इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू. ‘आणि’ मात्र ऱ्हस्व. ‘कविराज’, ‘गुरुदक्षिणा’ असा समास आला तर आतला इकार-उकार ऱ्हस्वच राहतो, तो कापू नका.

चिंच, भिंत, कुस्ती, पुष्कळ: पुढे अनुस्वार किंवा जोडाक्षर असेल तर ऱ्हस्व. सूर्य, मूर्ख, तीक्ष्ण हे तत्सम, ते यादीत.

आणि सांगताना ‘गरीऽऽब’ असं ताणू नका. ताणून सांगितलेलं बरोबर आलं, तरी मुलाला नियम कळलाय की नाही ते वहीवरून समजत नाही.