या चुका टाळा: भाडेकरारात बिटकॉइन लिहिण्याआधी पैशाची तीन कामं तपासा

डिजिटल कॉइनवर वाद रंगला की एक जण सांगतो, अमक्या दुकानात बिटकॉइन चालतं. दुसरा मोबाइलवर चढलेला भाव दाखवतो. मग दोघंही ठरवून टाकतात की हा पैसाच आहे. पैशाची तीन कामं असतात: देण्याघेण्याचं साधन होणं, मूल्य साठवणं आणि हिशेबाचं एकक होणं, म्हणजे भाव आणि देणी ज्यात मोजतात ते माप होणं. पहिल्या दोन कामांवर सगळे बोलतात, तिसरं सहसा कुणी तपासत नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते.

या परीक्षेसाठी आपल्याकडे घरोघरी असलेला एक कागद पुरतो: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्यात दर महिन्याला भाडं द्यायचं असतं, डिपॉझिट वर्षभर पडून राहतं आणि दोन्ही आकडे आजच लिहून ठेवायचे असतात. पैशाची तिन्ही कामं एकाच कागदावर येतात.

चूक पहिली: 'बिटकॉइन घेतो' म्हणजे 'बिटकॉइनमध्ये भाव सांगतो' असं समजणं

समजा, कोपरखैरण्यातल्या वन बीएचकेचं भाडं 30,000 रुपये आहे आणि डिपॉझिट एक लाख. भाडेकरू ऐरोलीत आयटीत काम करणारा तरुण. तो म्हणतो, "काका, भाडं बिटकॉइनमध्ये दिलं तर चालेल का?" घरमालक काका म्हणतात, "दे की, पण तीस हजाराचं दे." या एका वाक्यात कसोटी लागली. बिटकॉइन इथे फक्त देण्याचं साधन आहे, हिशेब रुपयांतच राहिला.

ओळखायचं कसं? बाजारातला दर हलला की पावतीवरचा कुठला आकडा बदलतो ते बघा. रुपये तेच राहून कॉइनचा आकडा बदलत असेल, तर हिशेबाचं एकक रुपयाच आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाने 7 सप्टेंबर 2021 ला बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला, तरी तिथल्या दुकानांतले भाव डॉलरमध्येच राहिले. जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून बिटकॉइन स्वीकारण्याची सक्तीही काढून टाकली.

आता काकांनी खरंच करारात कॉइनचा आकडा लिहिला असता तर काय झालं असतं ते पाहू. नोव्हेंबर 2021 मध्ये एका बिटकॉइनचा भाव जवळपास 50 लाख रुपये होता. म्हणजे भाडं 0.006 बिटकॉइन. ऑक्टोबर 2022 मध्ये, अकरा महिने संपताना, भाव सुमारे 16 लाखांवर आला होता. तेच 0.006 बिटकॉइन आता 9,600 रुपयांचं. काकांचा सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मालमत्ता कर, महावितरणचं बिल, घराचा हप्ता, सगळं रुपयांत. त्यात एक पैसाही कमी झाला नाही.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भाव साधारण साडेतेरा लाख होता. तेव्हा करार केला असता तर 30,000 साठी अंदाजे 0.0222 बिटकॉइन लिहावं लागलं असतं. ऑक्टोबर 2023 च्या मध्याला भाव 23 लाखांच्या आसपास होता, म्हणजे तेच भाडं 51,000 रुपयांचं झालं. तरुणाचा पगार रुपयांत येतो. घर तेच, खोल्या त्याच, आणि भाडं पाऊणपटीच्या आसपास वाढलेलं. हिशेबाचं एकक असं हललं की करारात दोघांपैकी एक जण बुडतो. त्यात घराच्या बाजाराचा काही संबंध नसतो.

चूक दुसरी: वाढणारी वस्तू म्हणजे मूल्याचा साठा असं मानणं

याच करारातलं डिपॉझिट घ्या. नोव्हेंबर 2021 चे एक लाख रुपये म्हणजे 0.02 बिटकॉइन. घर सोडताना काकांनी ते प्रामाणिकपणे जसंच्या तसं परत केलं, तरी त्याची किंमत 32,000. पुढच्या घराचा मालक मात्र एक लाखच मागणार.

इथे एक उत्तर नेहमी येतं: "थांबला असता तर पुढे वाढलंच ना!" ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी ते खरं आहे. पण डिपॉझिट कधी लागणार ती तारीख आपण ठरवत नाही, करार ठरवतो. साठा तपासायचा तर अशा तारखेला तपासा, जी दुसऱ्याच्या हातात आहे. आपल्या सोयीचा दिवस निवडून भाव दाखवला तर ती गुंतवणुकीची गोष्ट झाली.

"बिटकॉइन फक्त 2 कोटी 10 लाखच निघणार, मग किंमत टिकणारच" हाही गैरसमज इथलाच. पुरवठा बांधलेला असल्याने वस्तू दुर्मीळ होते, स्थिर नव्हे. मागणी वाढली म्हणून जादा कॉइन निघत नाहीत आणि घटली म्हणून परत घेतले जात नाहीत. त्यामुळे मागणीतला प्रत्येक चढउतार थेट भावावर येतो.

रुपयाही गळतोच, हे मान्य करायला हवं. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य 4 टक्के आहे आणि 2022 मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर दर महिन्याला महागाई 6 टक्क्यांच्या वर होती. म्हणजे लाखाच्या डिपॉझिटची खरेदीशक्ती वर्षात सहा-सात हजारांनी घटली. ते नुकसानच आहे, पण बत्तीस हजारांवर येण्याशी त्याची बरोबरी नाही. ज्या देशात चलनच कोसळतं, तिथे हा हिशेब वेगळा निघेल.

चूक तिसरी: पैसे पोचले म्हणजे व्यवहार सोपा झाला असं धरणं

बिटकॉइनच्या नोंदवहीत व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सरासरी दहा मिनिटांनी येतो. मोठ्या रकमेसाठी सहा कन्फर्मेशन, म्हणजे आपल्या व्यवहाराचा ब्लॉक धरून सहा ब्लॉक, सुमारे तासभर थांबण्याची पद्धत आहे. भाड्यासाठी तासभर चालून जाईल. फीची गोष्ट वेगळी: ती रकमेवर नाही, नेटवर्कवरच्या गर्दीवर ठरते. डिसेंबर 2017 मध्ये सरासरी फी 50 डॉलरच्या वर गेली होती. लाइटनिंग नेटवर्क या बिटकॉइनवरच उभारलेल्या जलद व्यवस्थेत फी आणि वेळ दोन्ही कमी लागतात.

लोकांच्या लक्षात येत नाही तो कर. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून कॉइनवरच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि कॉइन देऊन देणं फेडणं हेही हस्तांतरणच. वरच्या उदाहरणात तरुणाने ते 0.0222 बिटकॉइन 30,000 ला घेतलं आणि 51,000 च्या भावाला भाड्यात दिलं. नफा 21,000, कर 6,300, वर 4 टक्के सेस, एकूण 6,552 रुपये. तोटा झाला तर तो दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही वजा होत नाही. प्रत्येक भाड्यामागे खरेदीची किंमत शोधून हिशेब ठेवावा लागतो.

चूक चौथी: स्टेबलकॉइनने सगळं सुटलं असं समजणं

स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरसारख्या चलनाला बांधलेलं कॉइन. डॉलरला बांधलेल्या कॉइनचा भाव फार हलत नाही, पण तिथे एकक डॉलरचं उसनं घेतलेलं असतं आणि भरवसा बहुतेकदा ते काढणाऱ्या कंपनीच्या राखीव निधीवर. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी या स्टेबलकॉइनचा काही निधी तिथे अडकला होता. एक डॉलरचं ते कॉइन काही काळ 90 सेंटच्याही खाली गेलं, मग सावरलं. मे 2022 मध्ये कोसळलेलं टेरायूएसडी हे दुसरं स्टेबलकॉइन सावरलंच नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया मात्र या यादीत घालू नका. तो रुपयाच आहे, फक्त त्याचं रूप वेगळं.

तरीही दोघांना कॉइनमध्येच भाडं द्यायचं-घ्यायचं असेल, तर भाडं आणि डिपॉझिट दोन्ही आकडे रुपयांत लिहा. स्टॅम्प ड्यूटीही त्यावरच निघते. डिपॉझिट बँकेतूनच द्या. भाड्यासाठी वेगळं कलम घाला: कोणत्या एक्स्चेंजचा, कोणत्या वेळचा दर धरायचा, नेटवर्क फी कुणाची, किती कन्फर्मेशननंतर भाडं मिळालं असं मानायचं, आणि तेव्हा 30,000 ला काही रुपये कमी पडले तर तो फरक किती दिवसांत यूपीआयने भरायचा.