आरओसीची, म्हणजे कंपनी निबंधकाची, नोटीस आली की तारीख लिहून ठेवा

वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं म्हणून आता थेट तुरुंग नाही, दंड आहे. पण तो कंपनीसोबत कसूरदार अधिकाऱ्यालाही, त्याच्याच खिशातून. एमडी, पूर्णवेळ संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी नसेल आणि बोर्डाने कुणावर जबाबदारी टाकली नसेल, तर सगळेच संचालक कसूरदार. ‘मी फक्त सहीपुरता’ हे तिथे चालत नाही.

समजा, वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरला झाली. MGT-7, म्हणजे वार्षिक विवरणपत्राच्या फॉर्मची, मुदत 29 नोव्हेंबर. ती चुकली आणि 10 जूनला नोटीस आली. कंपनी कायद्याच्या कलम 454 नुसार नोटिशीपासून 30 दिवसांत फॉर्म भरला, तर दंड लागत नाही. रोजचे 100 रुपये जादा शुल्क मात्र सुटत नाही. 20 जूनला भरलात तर 203 दिवसांचे 20,300. हीच सवलत AOC-4, म्हणजे आर्थिक ताळेबंदाच्या फॉर्मलाही आहे.

खरा धोका पुढे. दंडाचा आदेश निघालाच, तर 60 दिवसांत अपील करा किंवा पैसे भरा. आदेश मिळाल्यापासून 90 दिवस तो तसाच पडू दिला, तर मग मात्र फौजदारी गुन्हा: अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा किमान 25,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.