निगेटिव्ह सिक्वेन्सवर मोटर ट्रिप झाली? या चुका टाळा

पंपाची मोटर 46 वर, म्हणजे फेजमधला असमतोल पकडणाऱ्या निगेटिव्ह सिक्वेन्स रिलेवर, ट्रिप झाली की पहिली चूक ठरलेली असते. पॅनेलवरचा सरासरी करंट बघायचा, तो फुल लोडच्या आत दिसला की रिलेलाच दोष द्यायचा.

एक उदाहरण घेऊ. मोटरच्या टर्मिनलवर तीन लाइन व्होल्टेज 415, 415 आणि 395 आहेत. सरासरी 408, त्यापासून सर्वांत मोठा फरक 13, म्हणजे असमतोल साधारण 3.3 टक्के. असमतोलामुळे उलट फेजक्रमाचा जो भाग तयार होतो, त्या निगेटिव्ह सिक्वेन्स व्होल्टेजला मोटर उभ्या रोटरइतकाच कमी इम्पीडन्स दाखवते. स्टार्टिंग करंट फुल लोडच्या 6 पट असेल, तर हा असमतोल सुमारे 20 टक्के निगेटिव्ह सिक्वेन्स करंट ओढतो. लोड कमी केला तरी तो कमी होत नाही.

या करंटचं चुंबकीय क्षेत्र उलटं फिरतं, त्यामुळे रोटरमध्ये जवळजवळ 100 हर्ट्झचा करंट वाहतो. तो बारच्या वरच्या थरात दाटतो, रेझिस्टन्स वाढतो आणि रोटर तापतो. म्हणून रिले तापमानाचा हिशोब असा धरतो:

```
Ieq² = I1² + k × I2²
```

I1 हा सुलट फेजक्रमाचा म्हणजे पॉझिटिव्ह सिक्वेन्स करंट, I2 निगेटिव्ह सिक्वेन्स करंट, दोन्ही फुल लोडच्या पटीत. k हे I2 ला दिलेलं जादा वजन; k साधारण 3 ते 6 ठेवतात. 6 धरला आणि लोड 90 टक्के असेल, तर 0.81 + 6 × 0.04 = 1.05. सरासरी करंट 91 टक्क्यांच्या आसपास, पण तापणं फुल लोडपेक्षा जास्त! वाइंडिंगमधले सेन्सर स्टेटरचं तापमान सांगतात, रोटरचं नाही.

दुसरी चूक म्हणजे ट्रिप थांबावा म्हणून सेटिंग वाढवणं. आधी कारण शोधा. मोटर बंद करून, सप्लाय लॉक करून तिन्ही केबल एकेक टर्मिनल पुढे सरकवा. दिशा बदलत नाही. जास्त करंट त्याच सप्लाय फेजवर राहिला, तर दोष सप्लायमध्ये: सैल लग, जळका कॉन्टॅक्टर, किंवा त्या फेजवर लादलेला सिंगल फेज लोड. तो मोटरच्या लीडबरोबर सरकला, तर दोष वाइंडिंगमध्ये. फ्यूज उडून एक फेज गेली असेल, तर मात्र हा खटाटोप नको. दोन फेजमध्ये सारखा करंट, तिसऱ्यात शून्य, आणि रिलेवर I2 व I1 समान, एवढी खूण पुरेशी आहे.

तात्काळ ट्रिप लावणं हेही चुकीचंच. शेजारच्या फीडरवर दोन फेजचा शॉर्ट झाला तरी काही क्षण I2 उसळतो. त्या फीडरचा ब्रेकर आधी सुटेल एवढा वेळ द्यायलाच हवा.

नवीन पॅनेल असेल तर रिलेला करंट दाखवणारे करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, तपासा. एका सीटीची पोलॅरिटी उलटी असली, तर समतोल लोडवरही I2 दोन तृतीयांश आणि I1 एक तृतीयांश दिसतो. दोन फेजच्या वायर अदलाबदल झाल्या, किंवा फेज रोटेशनचं सेटिंग उलटं राहिलं, तर सगळा लोडच निगेटिव्ह दिसतो. क्लॅम्प मीटरवर तिन्ही करंट सारखे असताना रिले असं दाखवत असेल, तर मोटर उघडू नका.