लग्नाचं आमंत्रण उशिरा आलं आणि रजेची मुदत टळली: या चुका टाळा

मी चाकणच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळतो. तुळशीचं लग्न झालं की आमच्या खिडकीवर रजेच्या अर्जांची गर्दी सुरू होते. त्यातले निम्मे तरी अर्ज मुदत टळल्यानंतर आलेले असतात, आणि त्यात कामगाराचा दोष नसतो. हल्ली साखरपुड्यातच लग्न उरकतात, हॉलची एखादी तारीख अचानक मोकळी होते, मुलाला परगावी परत जायचं असतं. नातेवाइकांना फोन येतो तोवर लग्न चार-पाच दिवसांवर आलेलं असतं. कंपनीचा नियम मात्र पंधरा दिवस आधी अर्ज मागतो.

हा पंधराचा आकडा 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमधला आहे. त्याच्या कलम 79 मध्ये भरपगारी वार्षिक रजेसाठी किमान 15 दिवस आधी लेखी अर्ज सांगितला होता, आणि बहुतेक कारखान्यांच्या नियमांत तो तिथूनच उतरला. त्याच कलमात आजारपणाला या मुदतीतून सूट दिलेली होती. लग्नाला नव्हती. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक प्रकरण सांगतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आमच्या मशीन शॉपमधल्या एका ऑपरेटरला रविवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर उदगीरहून मामाचा फोन आला. "पोरीचं जमलं रे, शुक्रवारी लग्न. तू बुधवारीच निघ." मामाला मुलगा नाही. कानपिळीला उभं राहण्यापासून आचाऱ्याचे पैसे चुकते करण्यापर्यंत सगळं या भाच्यावर. त्याने रात्री पोर्टल उघडून बुधवार ते रविवार अशी पाच दिवसांची पीएल म्हणजे भरपगारी रजा टाकली. पोर्टलने अर्ज घेतलाच नाही, कारण पीएलला पंधरा दिवस लागतात. सोमवारी तो खिडकीवर आला तेव्हा काळजीने त्याचा चेहरा उतरला होता.

मागायचे दिवस न मोजता मागणं

मी त्याला कॅलेंडर समोर ठेवून बसवलं. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शिफ्ट गुरुवारनंतर बदलते. बुधवारी त्याची पहिली शिफ्ट होती, म्हणजे साडेतीनला सुटका. रात्रीची गाडी धरली की गुरुवारी सकाळी उदगीर, आणि हळद गुरुवारीच होती. तर बुधवारची रजा लागतच नव्हती. गुरुवार सुट्टीचाच. शुक्रवारी लग्न. शनिवारी हॉल आणि मंडपाचा हिशोब मिटवायचा, कारण मामाला तिथे दुसरं कोणी नव्हतं. शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी घरी, आणि नव्या आठवड्यात त्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणजे रविवारी साडेतीनला तो कामावर येऊ शकत होता. पाच दिवसांचे दोन झाले.

याचा आणखी एक फायदा असतो. बुधवार आणि शुक्रवार दोन्ही रजेवर असता, तर आमच्या नियमाप्रमाणे मधला गुरुवारही रजेत धरला गेला असता. बुधवारी हजर राहिल्यामुळे तो सुट्टीचाच राहिला. काही ठिकाणी हा नियम नसतो, काही ठिकाणी सुट्टीच्या एकाच बाजूला रजा असली तरी ती मोजतात. अर्ज भरण्याआधी आपल्याकडे काय चालतं ते टाइम ऑफिसला विचारून घ्या.

एकाच प्रकारच्या रजेवर अडून बसणं

पीएल अडली की माणसं हातपाय गाळतात. पण मुदतीची अट सगळ्या रजांना सारखी नसते. अचानक आलेल्या कामासाठी किरकोळ रजा म्हणजे सीएल असते, आणि तिला बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस आधी सांगितलं तरी चालतं. आमच्या ऑपरेटरची सीएल मुलीच्या शाळाप्रवेशात आणि आईच्या आजारपणात संपली होती. मग मी त्याचा हजेरीपट पाहिला. तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी तो कामावर आला होता आणि त्या बदल्यातला सी-ऑफ तसाच पडून होता. तो पुढच्या दोन महिन्यांत वापरायचा असतो, नाहीतर पुढे वाद होतात. शुक्रवार सी-ऑफमध्ये बसला. आता अपवाद मागायचा उरला तो फक्त शनिवारचा एक दिवस.

इथे एक अडचण ध्यानात ठेवा. सीएलला पीएल जोडून घेणं पुष्कळ कंपन्यांत चालत नाही. सी-ऑफला पीएल जोडलेली आमच्याकडे चालते. हे न बघता दोन रजा जोडल्या तर संपूर्ण अर्जच परत येतो आणि एक दिवस वाया जातो. अशा वेळी हाताशी दिवसच चार असतात.

'घरगुती कारण' लिहिणं

मुदत टळल्यानंतर आलेल्या अर्जात मंजूर करणाऱ्याला एकच गोष्ट तपासायची असते. या माणसाला आधी कळलं होतं का, आणि कळूनही तो गप्प बसला का? 'घरगुती कारणास्तव' किंवा 'तातडीचं काम' यातून त्याला काहीच कळत नाही. आमंत्रण कोणत्या दिवशी मिळालं ती तारीख लिहा. छापील पत्रिका नसली तर मोबाइलवर आलेल्या पत्रिकेचा किंवा निरोपाचा स्क्रीनशॉट जोडा, त्यात वार आणि वेळ दिसते. पत्रिका हातात पडेपर्यंत थांबणं ही तर हमखास होणारी चूक आहे. फोनवर तारीख पक्की कळली तोच तुमचा दिवस. त्याने लिहिलेला अर्ज असा होता:

'महोदय, माझ्या सख्ख्या मामांच्या मुलीचा विवाह येत्या शुक्रवारी उदगीर येथे आहे. लग्न गेल्या आठवड्यात ठरले असून मला रविवारी दुपारी फोनने कळले. त्यामुळे 15 दिवस आधी अर्ज करणे शक्य झाले नाही. शुक्रवारी माझा शिल्लक सी-ऑफ व शनिवारी एक दिवस पीएल मिळावी, तसेच पीएलसाठी मुदतीची अट शिथिल करावी, ही विनंती. बुधवारी पहिल्या शिफ्टला व रविवारी दुसऱ्या शिफ्टला मी हजर राहीन. सोबत पत्रिकेची प्रत जोडली आहे.'

'अट शिथिल करावी' हे शब्द मुद्दाम आहेत. ते नसले तर अर्ज साध्या रजेचा समजला जातो आणि मुदतीच्या कारणाने आपोआप फेटाळला जातो.

सुपरवायझरला माणूस न दाखवता परवानगी मागणं

तो सुपरवायझरकडे गेला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "अरे, मशीनवर कोण उभा राहणार?" लग्न कुणाचं हे नंतर. मुदत मुळात यासाठीच असते, बदली माणूस शोधायला वेळ मिळावा म्हणून. तो वेळ तुम्ही देऊ शकला नाहीत, तर निदान उत्तर तरी घेऊन जा. आमच्या ऑपरेटरने आधी प्लॅनिंगवाल्यांना विचारलं होतं. शुक्रवार-शनिवारी त्याच्या मशीनवर जॉब बदलणार नव्हता, म्हणजे नव्याने सेटिंगचा प्रश्न नव्हता, आणि चालू जॉब त्याच शिफ्टचा ट्रेनी चालवू शकत होता. "साहेब, बुधवारी जाण्याआधी मी त्याला टूल कधी बदलायचं आणि मापं कुठे तपासायची ते दाखवून जातो," असं तो म्हणाला आणि सुपरवायझरने शिफारस लिहिली. तेच सेटिंग बदलणार असतं तर ट्रेनीचं नाव देऊन उपयोग झाला नसता.

आपसात शिफ्ट बदलून घेणार असाल तर जोडीदाराची सलग दुसरी शिफ्ट होत नाही ना, हे बघा. रात्रपाळी करून सकाळी पुन्हा मशीनवर उभं राहायची बदली मंजूर होत नाही, आणि होऊ नये.

सुपरवायझर शिफारस करतो, पण मुदत शिथिल करायचा अधिकार सहसा विभागप्रमुखाकडे असतो. 'सुपरवायझर हो म्हणाले' एवढ्यावर गाडीचं तिकीट काढू नका. आणि तिकीट दाखवून परवानगी मागायलाही जाऊ नका. समोरच्याला वाटतं की निर्णय तुम्ही आधीच घेऊन आलात.

आजारी असल्याचं सांगणं

आजारपणाला मुदतीची सूट आहे, म्हणून हा रस्ता सोपा वाटतो. काही वर्षांपूर्वी एका तरुण कामगाराने बहिणीच्या दिराच्या लग्नासाठी तापाचा दाखला आणला. वरातीत नाचतानाची त्याची चित्रफीत त्याच्याच शिफ्टच्या ग्रुपवर आली. खोट्या दाखल्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. साध्या गैरहजेरीत त्याचा दोन दिवसांचा पगार गेला असता. खोट्या दाखल्याची नोंद मात्र त्याच्या फाइलला कायमची लागली. पुढे त्याला खरोखर कावीळ झाली तेव्हा प्रत्येक कागद दोनदा तपासला गेला. मला ते बघवत नव्हतं, पण तपासणाऱ्यांनाही दोष देता येत नव्हता.

अपवाद नाकारला गेलाच, तर बिनपगारी रजा मागा आणि तीही लेखी मंजूर करून घ्या. एका दिवसाचा पगार जातो, पण हजेरीत तो दिवस मंजूर रजा म्हणून राहतो. न सांगता गेलात तर विनापरवाना गैरहजेरी लागते. दोन्हींत पगार सारखाच कापला जातो, पण नोंद वेगळी होते, आणि पुढच्या वेळी अपवाद मागताना हीच नोंद उघडली जाते. भाऊ, मेहुणी, मामेबहीण अशा जवळच्या नात्यात सहसा इथवर वेळ येत नाही. मित्राच्या लग्नासाठी मात्र येते, तेव्हा जायचं की नाही हे पगार गृहीत धरूनच ठरवा.

परत आल्यावर कागद न बघणं

मुदतीबाहेरचा अर्ज पोर्टल घेत नसल्याने तो कागदावर फिरतो आणि नंतर कुणीतरी तो हाताने चढवतो. तिथे तो राहून जातो. आमच्या ऑपरेटरने विभागप्रमुखांची सही झाल्याबरोबर अर्जाचा फोटो काढून ठेवला होता. रविवारी दुसऱ्या शिफ्टला आल्यावर त्याने हजेरी तपासली, तर शुक्रवार सी-ऑफ दिसत होता आणि शनिवारवर गैरहजर लागलं होतं. कागद विभागाच्या टेबलावरच राहिला होता. त्याने फोटो दाखवला, मूळ कागद आणून दिला, आणि पगाराची हजेरी बंद व्हायच्या आत शनिवारची पीएल चढली.