नाल्याचा विसर्ग मोजताना व्ही-नॉच कोठे वापरावा आणि रुंद माथ्याचा बांध कोठे

बालाघाटच्या पायथ्याशी बीड किंवा धाराशिव जिल्ह्यात असणारा एखादा नाला जुलै-ऑगस्टमध्ये काही तास दुथडी भरून वाहतो आणि दिवाळीनंतर त्याच नाल्यातून हाताच्या मनगटाएवढी धार उरते. पाणलोटातील पाण्याचा हिशेब मांडायचा असेल, तर हे दोन्ही प्रवाह मोजावे लागतात आणि एकाच साधनाने ते मोजता येत नाहीत. या लेखात आपण एक काल्पनिक पण नेहमी आढळणारा नाला घेऊ. त्यावर 6 मीटर लांब सांडव्याचा सिमेंट नाला बांध आहे, त्याच्या माथ्याची प्रवाहाच्या दिशेने जाडी 1.2 मीटर आहे, म्हणून तो रुंद माथ्याचा बांध ठरतो, आणि बांधाच्या खाली काही अंतरावर, जेथे नाला अरुंद होतो, तेथे पावसाळ्यानंतर काढता-घालता येणारा व्ही-नॉच, म्हणजे V आकाराची खाच कापलेला पत्रा, बसवायचा आहे. व्ही-नॉच बांधाच्या खाली घेण्याचा एक फायदा असा की पायाखालून पाझरणारे पाणीही त्यात मोजले जाते.

आधी दोन सूत्रे

```
व्ही-नॉच (90 अंश):      Q = 1.38 × H^2.5
रुंद माथ्याचा बांध:     Q = 1.45 × b × H^1.5
```

येथे Q हा विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात, H ही पाण्याची उंची मीटरमध्ये आणि b ही माथ्याची लांबी मीटरमध्ये आहे. व्ही-नॉचमध्ये H ही खाचेच्या तळटोकापासून मोजतात, बांधावर ती माथ्यापासून मोजतात. व्ही-नॉचमध्ये पाणी चढते तशी खाच रुंदही होत जाते, म्हणून घातांक 2.5 येतो; बांधाची लांबी मात्र बदलत नाही, म्हणून तेथे तो 1.5 राहतो. रुंद माथ्यावर पाणी एका ठरावीक खोलीवर येते आणि ही खोली वरच्या बाजूच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. या स्थितीत खालच्या पाण्याचा परिणाम वरपर्यंत पोहोचत नाही आणि म्हणूनच केवळ एका वाचनावरून विसर्ग काढता येतो. आदर्श परिस्थितीत सूत्रातील गुणांक 1.705 असतो, आपल्याकडील बांधांच्या कडा चौकोनी असल्यामुळे पाणी कडेवरून वळताना ऊर्जा गमावते, त्यासाठी सुमारे 15 टक्के कमी करून 1.45 धरणे योग्य ठरते.

कोणत्या प्रवाहाला काय, हे आकड्यांनी पाहू

नोव्हेंबरमध्ये व्ही-नॉचवर उंची 10 सेंटिमीटर भरली, असे समजू. विसर्ग 0.00436 घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 4.4 लिटर येतो. दिवसाला तो साधारण 3.77 लाख लिटर होतो. आता हेच पाणी 6 मीटर लांब बांधावरून जाऊ दिले, तर माथ्यावरील उंची केवळ 6 मिलिमीटर भरेल. मोजपट्टी वाचताना 3 मिलिमीटरची चूक सहज होते, कारण पाण्याची पातळी वाऱ्याने तेवढी हलतेच. बांधावर या चुकीने विसर्ग जवळजवळ 80 टक्क्यांनी जास्त निघेल, तर व्ही-नॉचवर तीच चूक केवळ 8 टक्क्यांच्या आसपास राहील. शिवाय इतके पातळ पाणी माथ्याच्या खडबडीत काँक्रीटवर सरकत जाते, तेथे सूत्राची गृहीतकेच लागू पडत नाहीत.

उलट बाजूने पाहू. ऑगस्टमधील पुरात बांधाच्या माथ्यावर 40 सेंटिमीटर पाणी असेल, तर विसर्ग 1.45 × 6 × 0.253, म्हणजे सेकंदाला 2.2 घनमीटर अथवा सुमारे 78 क्युसेक येतो. हा प्रवाह व्ही-नॉचमधून काढायचा ठरवला, तर खाचेत 1.2 मीटर उंच पाणी उभे राहील, वरची रुंदी 2.4 मीटर लागेल आणि ओंडके, काट्याकुट्या व दगड घेऊन येणारा तो लोंढा पातळ पत्रा टिकूही देणार नाही. व्ही-नॉचसाठी उंचीची व्यवहार्य कमाल मर्यादा सुमारे 38 सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला 120 लिटरांच्या जवळपास मानली जाते. माझ्या मते लहान नाल्यावर तेवढेही ताणू नये. 30 सेंटिमीटर, म्हणजे 68 लिटरांवर थांबावे.

पायरी 1: पत्रा तयार करणे

व्ही-नॉचसाठी गंज न धरणारा, सपाट पत्रा घ्यावा. खाचेची कड 1 ते 2 मिलिमीटर जाडीची, धारदार आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूने काटकोनी असावी. पत्रा त्याहून जाड असेल, तर प्रवाहाच्या खालच्या बाजूने कड तिरपी घासून घ्यावी, जेणेकरून पाणी फक्त वरच्या कडेला स्पर्श करून सुटेल. 90 अंशांची खात्री करण्यासाठी कोनमापक लागत नाही. तळटोकापासून सरळ वर 30 सेंटिमीटरवर खाचेची रुंदी बरोबर 60 सेंटिमीटर भरली आणि ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी विभागली गेली, तर कोन आणि रोख दोन्ही बरोबर आहेत.

पायरी 2: पत्रा बसवणे

30 सेंटिमीटरपर्यंत मोजायचे असेल, तर तळटोकाखाली वरच्या बाजूला निदान 75 सेंटिमीटर खोल डोह आणि निदान दीड मीटर रुंदी हवी. डोह उथळ किंवा अरुंद असेल, तर पाणी वेगाने येऊन खाचेत घुसते आणि सूत्राने येणारा विसर्ग खऱ्यापेक्षा कमी निघतो. पत्रा ओळंब्यात उभा असावा आणि त्याच्या दोन्ही वरच्या टोकांची पातळी पाणसळीने तपासावी. तो प्रवाहाला काटकोनात हवा. खालच्या बाजूचे पाणी तळटोकापेक्षा निदान 5 सेंटिमीटर खाली राहिले पाहिजे, नाहीतर नॉच बुडालेला समजावा.

आपल्या भागात खरी डोकेदुखी काळ्या मातीची असते. पाणी ओसरल्यावर काठाची माती भेगाळते आणि पत्र्याच्या बगलेतून पाणी पळून जाते, मोजपट्टीवर मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पत्र्याच्या दोन्ही कडा काठात निदान अर्धा मीटर आत घ्याव्यात, खाली पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत चर घ्यावा, वरच्या बाजूने जाड प्लास्टिक अंथरून त्यावर ओली चिकणमाती ठोकून बसवावी. पत्र्याच्या खालच्या बाजूला खाच सोडून कोठेही ओल किंवा झिरप दिसली, तर तेवढ्या दिवसाचे वाचन बाजूला ठेवणे बरे.

पायरी 3: मोजपट्टी कोठे लावावी

सर्वांत जास्त चुका येथेच होतात. खाचेजवळ येताना पाण्याचा पृष्ठभाग खाली वाकतो, त्यामुळे खाचेतच उंची मोजली, तर ती कमी भरते. 10 सेंटिमीटरऐवजी 9 वाचले गेले, तर विसर्ग 23 टक्क्यांनी कमी येतो. म्हणून मोजपट्टी खाचेपासून वरच्या बाजूला, कमाल उंचीच्या चौपट अंतरावर, म्हणजे आपल्या बाबतीत 1.2 मीटरवर, काठाला लावावी. तिचे शून्य खाचेच्या तळटोकाच्या पातळीवर असायला हवे. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी यासाठी पुरेशी आहे. बांधासाठी मोजपट्टी वरच्या बाजूच्या पंखभिंतीवर, माथ्यापासून कमाल उंचीच्या दोन ते तीन पट अंतरावर रंगवावी आणि तिचे शून्य माथ्याच्या पातळीला जुळवावे. पूर वाहत असताना कोणी नाल्यात उतरायचे नाही, वाचन काठावरूनच घ्यायचे. पूर रात्री येऊन गेला, तर पंखभिंतीवर उरलेली काडीकचऱ्याची रेघ कमाल उंची सांगते.

पायरी 4: बांधाचे वाचन तपासून घेणे

रुंद माथ्याचे सूत्र सर्व उंचीला लागू होत नाही. माथ्यावरील उंची आणि माथ्याची जाडी यांचे गुणोत्तर साधारण 0.08 ते 0.33 यांच्यामध्ये असावे लागते. आपल्या 1.2 मीटर जाडीच्या माथ्यासाठी हे साधारण 10 ते 40 सेंटिमीटर होते. 40 सेंटिमीटरच्या वर बांध अधिकाधिक पातळ बांधासारखा वागू लागतो आणि सूत्र खऱ्यापेक्षा कमी विसर्ग दाखवते. खालच्या बाजूचे पाणी माथ्याच्या वर, वरच्या उंचीच्या दोन-तृतीयांशाच्या पुढे गेले, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या पुरात सुमारे 27 सेंटिमीटरच्या वर आले, तर बांध बुडाला, असे धरावे. तेव्हा माथ्यावरून पाणी खाली पडताना दिसत नाही आणि नाला जणू एकाच पातळीत वाहतो.

दुसरी बाब गाळाची. सूत्रात उंची ही साठलेल्या पाण्याची आहे, पण गाळाने भरलेल्या बांधामागे पाणी वेगानेच येते आणि त्या वेगाची भर उंचीत टाकावी लागते. गाळ माथ्याच्या 20 सेंटिमीटर खालपर्यंत चढला असेल, तर वरील पुरात येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला 0.6 मीटर होतो. वेगाचा वर्ग भागिले 19.62 या हिशेबाने सुमारे 2 सेंटिमीटरची भर पडते आणि विसर्ग 7 टक्क्यांनी वाढतो. गाळ काढलेला बांध असेल, तर ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

मधली पोकळी

लक्षात घ्यावे की व्ही-नॉच 68 लिटरांवर थांबतो, तर या बांधावर 10 सेंटिमीटर पाणी चढले, तेव्हा विसर्ग आधीच 275 लिटर झालेला असतो. मधला प्रवाह दोन्ही साधनांच्या हातून सुटतो. बांध नव्याने बांधायचा असेल, तर माथ्याच्या मध्यभागी 2 मीटर लांबीचा भाग 20 सेंटिमीटर खाली ठेवावा. या भागात 10 सेंटिमीटरला 92 आणि 20 सेंटिमीटरला 259 लिटर विसर्ग येतो, त्यामुळे पोकळी जवळजवळ भरून निघते. पाणी बाजूच्या उंच माथ्यावर चढले की दोन्ही भागांचा विसर्ग वेगवेगळा, आपापल्या उंचीने काढून बेरीज करावी लागते. मात्र खालच्या भागावर 40 सेंटिमीटर, म्हणजे उंच माथ्यावर 20 सेंटिमीटर पाणी आले की तेथे सूत्राची मर्यादा संपते.

धार आटू लागल्यावर

व्ही-नॉचवर उंची 5 सेंटिमीटरच्या खाली आली की धार पत्र्याला चिकटून खाली ओघळू लागते आणि धारेमागची हवेची जागा नाहीशी होते. 5 सेंटिमीटरला विसर्ग सेकंदाला 0.77 लिटर असतो, त्यामुळे 20 लिटरची बादली 26 सेकंदांत भरायला हवी. पट्टीचे शून्य आणि सूत्र दोन्ही बरोबर आहेत का, याची ही चांगली परीक्षा आहे: बादली लागोपाठ तीनदा भरावी, सरासरी काढावी आणि 26 पेक्षा फार वेगळी वेळ आली, तर आधी पट्टीचे शून्य आणि मग बगलेतील गळती पाहावी. त्याहून कमी प्रवाहात पट्टी वाचणे सोडून द्यावे आणि खाचेखाली बादली धरून घड्याळ लावूनच मोजावे.